ठराव वहीतला पैसा

"विषय क्र. 4 : प्राप्त देणगीच्या विनियोगाबाबत. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." खाली सूचक, अनुमोदक आणि अध्यक्षांची सही. महाराष्ट्रातल्या एखाद्या वाचनालयाची, वसतिगृहाची किंवा शिक्षण संस्थेची प्रोसिडिंग बुक उघडली की असे ठराव पानोपानी भेटतात. देणगी किती होती, कोणी दिली, ती कशावर आणि कधीपर्यंत खर्च करायची, धनादेशावर सही कोणाची, यातले काहीच त्यात नसते. सभेला हजर असलेल्यांना हे सारे ठाऊक असते, म्हणून लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही. पण ही वही त्यांच्यासाठी नसतेच. ती ज्यांना वाचायची असते, त्यांच्यापैकी कोणीही सभेला आलेले नसते.

हे वाचक मुख्यतः तीन. पहिला संस्थेचा लेखापरीक्षक आणि त्याच्या अहवालातून धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. दुसरा प्राप्तिकर विभाग. तिसरा देणगीदार, विशेषतः सामाजिक उत्तरदायित्व निधी म्हणजे सीएसआर देणारी कंपनी. तिघांचे प्रश्न वेगळे असतात. संस्था कायद्यानुसार चालली का, हे पहिल्याला पाहायचे असते. करमाफी मिळालेले उत्पन्न खरोखर धर्मादाय कामावर गेले का, हे दुसरा तपासतो. आपण ज्यासाठी पैसे दिले त्याच कामावर ते गेले का, एवढेच तिसरा विचारतो. तिघांनाही उत्तर मिळेल असा ठराव फार लांब असावा लागत नाही. चार-सहा ओळी पुरतात, फक्त त्या नेमक्या असाव्या लागतात.

महाराष्ट्रात बहुतेक सेवाभावी संस्था दुहेरी नोंदणीच्या असतात. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंद होते आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 यालाही त्या बांधलेल्या असतात. या अधिनियमाखालच्या 1951च्या नियमांत लेखापरीक्षकाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची याची यादीच आहे. घटनेत सांगितलेली विश्वस्तांची किमान-कमाल संख्या पाळली आहे का, सभा घटनेप्रमाणे नियमित होतात का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, 5,000 रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का, हे प्रश्न त्या यादीत आहेत. 5,000चा आकडा आज किरकोळ वाटतो, पण प्रश्न विचारला जातो आणि उत्तर "नाही" असेल तर अहवालात तसे छापून येते. म्हणजे इतिवृत्त लिहिणे ही निव्वळ शिस्तीची बाब नाही. वही आहे की नाही, याची दरवर्षी सरकारदरबारी नोंद होते.

एका संस्थेचे वर्ष

नेमका ठराव कसा असतो हे पाहण्यासाठी एक काल्पनिक संस्था घेऊ. तालुक्याच्या गावातली आहे, सात विश्वस्त आहेत, घटनेनुसार गणपूर्ती चारची आणि सभेची नोटीस सात दिवस आधी द्यायची. एका कंपनीने तिला वीस जिल्हा परिषद शाळांमध्ये वर्गवाचनालये उभारण्यासाठी 10 लाख रुपये दिले आहेत. जूनच्या सभेतला ठराव असा लिहिता येईल :

"ठराव क्र. 4. सदर कंपनीकडून दि. 2 जूनच्या करारान्वये सीएसआर निधीतून मिळालेले रु. 10,00,000 हे परिशिष्ट 'अ'मधील वीस शाळांत वर्गवाचनालये उभारण्यासाठी, प्रत्येक शाळेस पुस्तके रु. 30,000, कपाट रु. 15,000 व शिक्षक प्रशिक्षण रु. 5,000 याप्रमाणे, येत्या 31 मार्चपर्यंत खर्च करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. या निधीचा हिशेब स्वतंत्र खात्यात ठेवावा. एका बाबीची रक्कम दुसरीकडे वळवण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घेऊन विषय मंडळापुढे ठेवावा. धनादेशांवर सचिव व कोषाध्यक्ष यांच्या संयुक्त सह्या राहतील."

यात पैसा कुठून आला ते आहे, कशासाठी आणि किती ते आहे, मुदत आहे, अट आहे आणि जबाबदार माणसे आहेत. सभेला नसलेला हिशेबनीसही हा ठराव वाचून पहिला धनादेश लिहू शकतो, आणि कोणता धनादेश लिहायचा नाही हेही त्याला कळते. शाळांची यादी ठरावात न घालता परिशिष्टात ठेवली आहे, त्यामागेही कारण आहे. उद्या शिष्यवृत्ती किंवा वैद्यकीय मदतीचा विषय असेल तर लाभार्थ्यांची नावे, आजार, घरची परिस्थिती असा तपशील येतो. ठरावाची नक्कल अनेकांच्या हाती जाते. अशी माहिती वेगळ्या कागदावर असली तर नक्कल देताना ती आपोआप बाजूला राहते.

कंपनी या ठरावाची नक्कल मागते तेव्हा पुष्कळ कार्यकर्त्यांना तो अविश्वास वाटतो. पण कंपनीलाही वर उत्तर द्यायचे असते. दिलेला निधी मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीने वापरला गेला, असे तिच्या वित्त प्रमुखाने संचालक मंडळाला प्रमाणित करून द्यावे लागते. संस्थेचा ठराव, बँकेचा उतारा आणि सनदी लेखापालाचे विनियोग प्रमाणपत्र या तीन कागदांवर ते प्रमाणपत्र उभे राहते. तिन्हींतली रक्कम आणि काम एकमेकांशी जुळले नाही तर पुढचा हप्ता अडतो.

भावाचा कारखाना

ऑगस्टमध्ये कपाटांची दरपत्रके येतात. तीन पुरवठादारांचे दर एका कपाटाला अनुक्रमे 15,000, 14,200 आणि 13,500 रुपये. सर्वांत कमी दर कोषाध्यक्षांच्या सख्ख्या भावाच्या कारखान्याचा आहे. लहान गावात ही गोष्ट नवलाची नाही. चांगले काम करणारे दोन-तीन कारखाने असतात आणि त्यांतला एक कोणाच्या तरी नात्यातला निघतोच.

अशा वेळी पुष्कळ संस्था नात्याचा उल्लेख न करता "सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर" एवढेच लिहून मोकळ्या होतात. व्यवहार स्वच्छ असूनही इथेच तो संशयास्पद होतो. प्राप्तिकर कायद्यात विश्वस्त, संस्थापक व त्यांचे नातेवाईक, तसेच मोठे देणगीदार हे संबंधित व्यक्ती मानले जातात. त्यांच्याशी व्यवहार करायला बंदी नाही. संस्थेच्या पैशातून त्यांना वाजवीपेक्षा जास्त लाभ देण्याला आहे, आणि तसा लाभ दिल्याचे ठरले तर करमाफीवर गदा येते. व्यवहार वाजवी होता हे दाखवण्याची जबाबदारी संस्थेवर पडते, आणि ते दाखवायला सर्वांत जवळचा कागद म्हणजे त्या दिवशीचे इतिवृत्त.

म्हणून ते असे हवे : कोषाध्यक्षांनी दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार वगळता उरलेल्यांपैकी एक आपला सख्खा भाऊ असल्याचे विषय सुरू होण्यापूर्वीच सांगितले, एवढी मोघम नोंद नको. कोणता कारखाना, कोणते नाते, हे स्पष्ट लिहावे. मग कोषाध्यक्ष या विषयापुरते सभागृहाबाहेर गेले, उरलेल्या चार सदस्यांनी तिन्ही दरांची तुलना केली, लाकडाचा प्रकार आणि पोहोचवण्याची मुदत सारखीच असल्याने सर्वांत कमी दर स्वीकारला, एकूण रक्कम 2,70,000 रुपये, आणि या पुरवठादाराच्या धनादेशांवर कोषाध्यक्षांऐवजी अध्यक्षांची सही राहील. ही शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी राहून जाते. चर्चेतून बाहेर गेलेले कोषाध्यक्ष दुसऱ्या दिवशी भावाच्या धनादेशावर सही करतात आणि साऱ्या काळजीवर पाणी पडते.

सभेला त्या दिवशी पाच जण होते, हेही महत्त्वाचे. कोषाध्यक्ष बाहेर गेल्यावर चार उरले आणि गणपूर्ती टिकली. चारच जण आले असते तर सावध संस्थेने हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला असता. ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच धरून गणपूर्ती मोजली, तर ठरावावर आक्षेप घेणाऱ्याचे काम सोपे होते.

कपाटांसाठी 3 लाख ठेवले होते, खर्च 2 लाख 70 हजार. 30 हजार वाचले. संस्थेला ते पुस्तकांवर खर्च करायचे आहेत. हेतू एकच आहे, पण बाब बदलते. ठराव चारमध्ये लिहिल्याप्रमाणे आधी कंपनीला पत्र जाते, संमती येते, आणि मग पत्राची तारीख नोंदवून मंडळ बदल मंजूर करते. हा क्रम उलटला तर गोंधळ होतो. आधी खर्च, मग "कार्योत्तर मंजुरी", आणि देणगीदाराला वर्षअखेरच्या अहवालातून बातमी, असा प्रवास फार संस्थांमध्ये दिसतो. कार्योत्तर मंजुरी ही छत उडाले, पूर आला, अशा प्रसंगासाठी असते. एका वर्षाच्या वहीत ती सात-आठ वेळा आली तर निर्णय मंडळ घेत नसून दुसरेच कोणी घेते, हे लेखापरीक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या संस्थेला दिलेले दोन लाख

याच संस्थेला शेजारच्या तालुक्यातील एका संस्थेच्या रात्र अभ्यासिकेला 2 लाख रुपये द्यायचे आहेत. इथे ठरावातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे पैसा कोणत्या निधीतून जाणार. सीएसआरच्या 10 लाखांतून तो जाऊ शकत नाही, ते शाळांसाठी आहेत. परदेशी देणगीतूनही नाही. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या कोणालाही वर्ग करता येत नाही, समोरच्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी असली तरीही. देणगीदाराने कायम निधीसाठी दिलेली रक्कमही यासाठी मोडायची नसते. म्हणून ठरावात "स्थानिक सर्वसाधारण देणग्यांतून" असे शब्द हवेत, आणि हिशेबात ते खाते वेगळे दिसायला हवे.

प्राप्तिकराच्या गणितात इथे आणखी एक अट आहे. आर्थिक वर्ष 2023-24पासून एका धर्मादाय संस्थेने दुसऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीच्या 85 टक्केच रक्कम खर्च म्हणून धरली जाते. 2 लाखांतले 1 लाख 70 हजार मोजले जातील. शिवाय ती देणगी समोरच्या संस्थेच्या कायम निधीसाठी असेल तर काहीच मोजले जाणार नाही. त्यामुळे ठरावात "अभ्यासिकेच्या चालू वर्षाच्या खर्चासाठी" असे लिहिणे भाग आहे. नुसते "देणगी देण्यात यावी" लिहिले आणि समोरच्यांनी ती कायम निधीत जमा केली, तर दोन्ही संस्थांचे कागद एकमेकांशी भांडू लागतात.

बाकीचा ठराव अटींचा. समोरच्या संस्थेची प्राप्तिकर नोंदणी तपासली. पहिला हप्ता 1 लाख 20 हजार. उरलेले 80 हजार पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र आणि पावत्यांच्या प्रती आल्यावर. खर्च न झालेली रक्कम परत. कोणी अभ्यासिका पाहून आले असेल तर त्यांच्या भेटीचा एक परिच्छेदाचा अहवाल परिशिष्टात. अशा नोंदीमुळे मंजुरीला कारण मिळते. तीन वर्षांनी मंडळ बदलले तरी हीच संस्था का निवडली, याचे उत्तर वहीत सापडते.

वर्षअखेरची शिल्लक

मार्चच्या सभेत वेगळाच प्रश्न समोर येतो. संस्थेचे वर्षाचे उत्पन्न 40 लाख. कायद्यानुसार त्यातले 85 टक्के, म्हणजे 34 लाख, त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च व्हायला हवेत. खर्च म्हणून धरता येईल अशी रक्कम 28 लाख आहे. उरलेले 6 लाख वसतिगृहाच्या नव्या स्वयंपाकघरासाठी साठवायचे आहेत. कायदा यासाठी वाट देतो, पण हेतू आणि कालावधी सांगावा लागतो, कालावधी पाच वर्षांपेक्षा जास्त नको, आणि हे मुदतीत विहित नमुन्यात विभागाला कळवावे लागते. ठराव इथे पाया असतो, कारण फॉर्ममध्ये लिहायचा हेतू मंडळाने ठरवलेला असावा लागतो.

हेतू किती नेमका हवा यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. सिंघानिया चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात कोलकाता उच्च न्यायालयाने संस्थेच्या घटनेतली सगळी उद्दिष्टे उतरवून काढणे पुरेसे मानले नाही. साठवण्याचा हेतू ठोस असला पाहिजे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. इतर काही निकालांनी एकापेक्षा जास्त हेतू चालतील असे म्हटले आहे. पण वादात न पडता राहायचे असेल तर "संस्थेच्या उद्दिष्टांसाठी" असे लिहिण्यापेक्षा "वसतिगृहातील 60 मुलींसाठी स्वयंपाकघर बांधणे, अंदाजे खर्च 6 लाख, तीन वर्षांत" असे लिहिणे शहाणपणाचे. ठराव केल्यावर ही रक्कम दुसऱ्या संस्थेला देणगी म्हणून देता येत नाही, आणि मुदतीत त्या कामावर खर्च झाली नाही तर ती उत्पन्न मानून तिच्यावर कर बसतो. म्हणून चांगल्या संस्था दरवर्षी मार्चच्या सभेत जुन्या साठवणीचा आढावा हा विषय ठेवतात : कोणत्या वर्षाची किती रक्कम, किती खर्च झाली, मुदत कधी संपते.

बनावट वही कशी ओळखतात

वर्षभर सभा न घेता लेखापरीक्षणाच्या आधी एका बैठकीत सगळी इतिवृत्ते लिहून काढण्याची प्रथा लपत नाही. बारा महिन्यांची पाने एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेली दिसतात. धनादेशाची तारीख ठरावाच्या आधीची निघते. परगावी किंवा परदेशी असलेल्या विश्वस्ताची हजेरी दिसते. जुलैच्या ठरावात नोव्हेंबरमध्ये आलेल्या दरपत्रकाचा आकडा असतो. विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलेला नसतो आणि वहीत मात्र नवी नावे सही करत असतात. असा अर्ज बदलानंतर नव्वद दिवसांत द्यायचा असतो. नोटीस बुक आणि इतिवृत्त शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. मोठ्या रकमेची मंजुरी विषयपत्रिकेत नसतेच. ती "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या सदरात उगवते. न आलेल्या सदस्यांना त्या खर्चाची कल्पनाच दिलेली नव्हती, असा त्याचा अर्थ होतो.

व्हॉट्सॲपच्या गटावर सगळ्यांनी "ओके" लिहिले म्हणजे ठराव झाला, असा नवा समजही फोफावला आहे. फिरता ठराव घटनेत मान्य असेल तरच चालतो, आणि तेव्हाही त्याचा मजकूर सगळ्यांना एकच गेला पाहिजे, प्रत्येकाची संमती जपून ठेवली पाहिजे आणि पुढच्या सभेत त्याची नोंद झाली पाहिजे. चूक दुरुस्त करण्याचा रस्ताही ठरलेला आहे. व्हाइटनर लावायचा नाही. पान फाडायचे नाही. चुकलेला मजकूर वाचता येईल अशा रीतीने खोडून बाजूला सही करायची, आणि मागील इतिवृत्त कायम करताना पुढच्या सभेत दुरुस्तीचा उल्लेख करायचा. पानांना आधीच क्रमांक असावेत, आणि सहीच्या वर रिकामी जागा सोडू नये, कारण नंतर घुसवलेला ठराव तिथेच बसतो.

वहीच्या मर्यादाही आहेत. ठराव हा निर्णयाचा पुरावा आहे, खर्चाचा नाही. वीस कपाटे शाळांत पोहोचली का, हे पावती, पोहोच आणि शाळेच्या साठा नोंदवहीवरूनच कळते. सर्वानुमते झालेला ठराव बेकायदा गोष्ट कायदेशीर करत नाही. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागतेच, मंडळ कितीही एकमताचे असो. आणि ज्या विश्वस्ताला निर्णय पटला नाही त्याने चहाच्या वेळी नाराजी बोलून दाखवणे पुरेसे नाही. विरोध आणि त्याचे कारण इतिवृत्तात नावासह लिहायला लावले, तरच उद्या त्याला आपली बाजू मांडता येते.

जाणकार देणगीदार ठरावाची नक्कल मागताना एक प्रश्न हमखास विचारतात : गेल्या वर्षी तुम्ही कोणते अर्ज नाकारले? पाच वर्षांच्या वहीत एकही नामंजूर अर्ज, एकही तहकूब विषय, एकही वेगळे मत नसेल, तर निर्णय सभेत होत नाहीत, फक्त तिथे लिहिले जातात, असा निष्कर्ष काढायला जागा राहते. "अर्जदार संस्थेचे मागील विनियोग प्रमाणपत्र न आल्याने रु. 50,000ची मागणी नामंजूर" अशी एक ओळ मंजुऱ्यांच्या दहा पानांना वजन देते.